स्टिरॉइडच्या गोळ्या कमी करण्याचा तक्ता कसा वाचायचा आणि पाळायचा

माझ्या आईला ६४व्या वर्षी पॉलिमायल्जिया रुमॅटिका नावाचा आजार झाला. सकाळी दोन्ही खांदे आणि मांड्या इतक्या आखडायच्या की तिला हात वर करून वेणी घालता येत नव्हती, कॉटवरून उठताना कुणाचा तरी हात लागायचा. संधिवाताच्या डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन १५ मिलीग्रॅम सुरू केलं आणि चौथ्या दिवशी आई स्वतःची वेणी स्वतः घालून स्वयंपाकघरात आली. गोळी सुरू करणं इतकं सोपं होतं. कमी करायला मात्र जवळजवळ दीड वर्ष लागलं, आणि त्यात एकदा तिला सलाईन लावावं लागलं.

डॉक्टरांनी दिलेला तक्ता इंग्रजीत, अर्ध्या पानावर, बाण काढून लिहिलेला होता. मी तो आईसाठी मराठीत उतरवला. तो उतरवताना काय कळलं, कुठे चुकलो, ते इथे क्रमाने लिहिते आहे. आकडे आईच्या आजाराचे आहेत. दमा, किडनीचा नेफ्रोटिक सिंड्रोम, ल्युपस, त्वचेचे आजार या प्रत्येकाचा तक्ता वेगळा असतो, म्हणून मात्रा तुमच्याच डॉक्टरांची धरा.

हाताशी काय हवं

डॉक्टरांची चिठ्ठी, गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिप (जुन्यासुद्धा), प्रत्येक तारखेला मोठा चौकोन असलेलं भिंतीवरचं कॅलेंडर, बॉलपेन, आणि पर्समध्ये मावेल एवढं जाड कागदाचं कार्ड. घरात बीपीचं यंत्र असेल तर उत्तम. मधुमेह असेल तर साखर तपासायचं यंत्रही हवं, कारण या गोळीने साखर वाढते आणि गोळी कमी होत जाते तशी ती उतरते. मग मधुमेहाच्या औषधाचा डोसही बदलावा लागू शकतो.

१. आधी मिलीग्रॅम आणि गोळी यांतला फरक पक्का करा

निम्म्या चुका इथेच होतात. डॉक्टर लिहितात मिलीग्रॅममध्ये आणि आपण मोजतो गोळ्यांमध्ये. प्रेडनिसोलोन ५, १०, २० अशा वेगवेगळ्या ताकदीत मिळतं. "दोन गोळ्या" म्हणजे १० मिलीग्रॅमही असू शकतं आणि ४०सुद्धा. आईच्या तोंडात "दोन पांढऱ्या" असं बसलं होतं. मी तिला ते सोडायला लावलं आणि "आज किती मिलीग्रॅम?" हाच प्रश्न घरात सुरू केला.

दुसरा फरक औषधाच्या नावाचा. एकदा दुकानात आमची गोळी नव्हती, तेव्हा "हे घ्या, सेमच आहे" म्हणून डेफ्लाझाकॉर्ट ६ मिलीग्रॅमची स्ट्रिप दिली गेली. ते स्टिरॉइडच आहे, पण त्याचे ६ मिलीग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे साधारण ५. मिथाइलप्रेडनिसोलोनचे ४ मिलीग्रॅम म्हणजेही प्रेडनिसोलोनचे ५, आणि डेक्सामेथासोनचे तर पाऊण मिलीग्रॅम म्हणजे ५. आकडा तोच ठेवून नाव बदललं तर डोस नकळत वर किंवा खाली जातो. नाव बदललेलं दिसलं तर दुकानातूनच डॉक्टरांना फोन करा.

चिठ्ठीवरच्या खुणा सोप्या आहेत. १-०-० म्हणजे फक्त सकाळी. "ओडी" म्हणजे दिवसातून एकदा. "अल्टरनेट डे" म्हणजे एक दिवसाआड. मात्र एक दिवसाआड म्हणजे मधल्या दिवशी काहीच घ्यायचं नाही की कमी घ्यायचं, हे विचारून घ्या. दोन्ही अर्थाने ते लिहिलं जातं आणि दोन्हींत फार अंतर आहे.

गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची. शरीर स्वतःचं स्टिरॉइड पहाटे आणि सकाळी सर्वांत जास्त बनवतं, त्याच वेळेशी आपण गोळी जुळवतो. रात्री घेतली तर झोप उडते.

२. अचानक का थांबवायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगा

दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात, ॲड्रिनल. त्या कॉर्टिसॉल बनवतात, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड. रक्तदाब टिकवणं, उपाशीपोटी साखर फार खाली जाऊ न देणं, ताप किंवा मार यांचा धक्का सोसणं, ही सगळी कामं त्याच्यावर चालतात. या ग्रंथींना काम करायचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी देते. रक्तात कॉर्टिसॉल कमी दिसलं की हुकूम सुटतो, पुरेसं दिसलं की थांबतो.

आपण रोज गोळी घेतो तेव्हा पिट्युटरीला रक्तात भरपूर स्टिरॉइड दिसतं. ते गोळीतून आलं की ग्रंथीतून, हे तिला कळत नाही. ती हुकूम देणं बंद करते. हुकूम येईना म्हणून ॲड्रिनल ग्रंथी काम थांबवतात, आणि असं महिनोन्‌महिने चाललं की त्या आकाराने आक्रसतात. निरोगी शरीर दिवसाला बनवतं ते कॉर्टिसॉल प्रेडनिसोलोनच्या साधारण ४ ते ६ मिलीग्रॅमएवढं असतं. आज गोळी बंद केली तर उद्या ही ४-६ मिलीग्रॅमची गरज भागवणारं शरीरात कुणीच नसतं. ग्रंथी जाग्या व्हायला काही आठवडे लागतात, बऱ्याचदा महिने, काहींना वर्षाहून जास्त.

आईला मी हे विहिरीच्या भाषेत सांगितलं. घरी वर्षभर टँकरने पाणी आलं, म्हणून विहिरीकडे कुणी बघितलं नाही, ती गाळाने भरली. आता टँकर एकदम बंद केला तर त्या दिवशी पाणी कुठून येणार? टँकर हळूहळू कमी करायचा आणि तेवढ्यात विहीर उपसायची. तिला हे एकदाच सांगावं लागलं.

सगळ्याच कोर्सना हा नियम लागत नाही. दम्याचा झटका आला म्हणून पाच-सात दिवस दिलेल्या गोळ्या बऱ्याचदा थेट बंद करतात. तीन-चार आठवड्यांपेक्षा कमी काळात ग्रंथी सहसा झोपत नाहीत. त्याहून जास्त दिवस गोळी चालली असेल तर त्या झोपल्या आहेत असंच धरून चालायचं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. गुडघेदुखी, कंबरदुखीवर बिनलेबलच्या पुड्या किंवा सुट्या गोळ्या मिळतात, दोन दिवसांत आराम पडतो. त्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. असं काही तुमच्या घरी कुणी महिनोन्‌महिने घेत असेल, तर तेही एकदम बंद करू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि किती दिवस घेतली ते खरं सांगा.

३. तक्ता स्वतःच्या भाषेत उतरवा

आईचा तक्ता मराठीत असा झाला:

- पहिले ३ आठवडे: रोज १५ मिलीग्रॅम
- पुढचे ३ आठवडे: रोज साडेबारा
- पुढचे ४ आठवडे: रोज १०
- पुढचे ४ आठवडे: एक दिवस १०, दुसऱ्या दिवशी साडेसात
- पुढचे ४ आठवडे: रोज साडेसात
- पुढे: तपासून ठरवू

आईने विचारलं, "अगं, आधी भराभर उतरवतात आणि नंतर एवढं रेंगाळत का?" प्रश्न बरोबर होता. १५ वरून साडेबारावर येताना आपण सहावा भाग काढतो. ५ वरून अडीचवर येताना तेच अडीच मिलीग्रॅम काढले तरी निम्मा डोस जातो. शिवाय वरच्या डोसला शरीराची रोजची गरज भागून वर आजारासाठी उरत असतं, त्यामुळे थोडं काढलं तरी कमी पडत नाही. साडेसातच्या खाली आलं की काढलेला प्रत्येक तुकडा स्वतःच्या ग्रंथींनी भरून द्यावा लागतो. म्हणून शेवटचा टप्पा सर्वांत सावकाश असतो, आणि लोक "आता एवढीशीच तर गोळी आहे" म्हणून सोडतात तेही नेमके तिथेच.

४. कॅलेंडरवर एकेक दिवस लिहा

"एक दिवस १०, दुसऱ्या दिवशी साडेसात" यासाठी आईने युक्ती काढली: विषम तारखेला १०, सम तारखेला साडेसात. सुरुवातीला छान चाललं. मग ३१ तारीख आली आणि दुसऱ्या दिवशी १. दोन्ही विषम. तिने लागोपाठ दोन दिवस १० घेतले, नंतर घाबरून "जास्त झालं" म्हणत एक दिवस काहीच घेतलं नाही. एका दिवसाने फार बिघडत नाही, पण त्या दिवशी मी कॅलेंडर उतरवलं आणि पुढच्या दोन महिन्यांच्या प्रत्येक चौकोनात मिलीग्रॅमचा आकडा लिहून ठेवला. गोळी घेतली की आई त्यावर बरोबरची खूण करते. खूण नसेल तर गोळी घेतलेली नाही, इतका साधा हिशोब.

गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवलं तर लगेच घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर त्या दिवसाचीच घ्या, दोन दिवसांची मिळून एकदम घेऊ नका.

५. पुढच्या टप्प्याच्या गोळ्या आधी आणून ठेवा

प्रत्येक टप्प्याला किती गोळ्या लागतील ते आधी काढा. साडेबाराच्या तीन आठवड्यांना रोज ५ च्या दोन आणि अडीचची एक, म्हणजे ५ च्या ४२ आणि अडीचच्या २१. एक दिवसाआड १० आणि साडेसातच्या चार आठवड्यांना ५ च्या ४२ आणि अडीचच्या १४. अडीचची गोळी न मिळाल्यास ५ ची अर्धी करता येते का ते दुकानात विचारा. मधे रेघ असलेली साधी गोळी नीट तुटते, पोटात उशिरा विरघळण्यासाठी वरून लेप दिलेली मात्र तोडायची नसते. घरात निदान दोन आठवड्यांचा साठा कायम ठेवा. गावाला जाताना एक स्ट्रिप पर्समध्ये आणि एक बॅगेत.

हा नियम आम्ही ठेच लागल्यावर केला. मे महिन्यात, रोज साडेसातचा टप्पा सुरू असताना, आई लग्नाला गावी गेली. राहणं चार दिवसांनी वाढलं आणि गोळ्या संपल्या. तिला बरं वाटत होतं, आणि जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "स्टिरॉइड का घेतेस, हाडं पोकळ होतात. संपल्यात तर बरंच झालं." तिने गोळ्या मागवल्याच नाहीत.

पहिल्या दोन दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी जेवण नकोसं झालं, सगळ्यांना वाटलं लग्नाचं जेवण बाधलं. चौथ्या दिवशी सकाळी उलट्या सुरू झाल्या, पोटात दुखू लागलं, मोरीतून बाहेर येताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन ती दाराला धरून खाली बसली. तालुक्याच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, ८४/५० होतं. सगळे ऊन लागलं म्हणत होते. डॉक्टरांनी विचारलं, "काकू, रोजची एखादी गोळी बंद केलीत का?" त्या एका प्रश्नाने आई वाचली. सलाईन आणि हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलीग्रॅमचं इंजेक्शन दिल्यावर काही तासांत ती उठून बसली आणि चहा मागितला.

हाडांची भीती खोटी नाही. त्यासाठी डॉक्टर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देतात, गरज असेल तर हाडांची घनता तपासतात. स्वतःच्या मनाने गोळी सोडणं हा त्यावरचा उपाय नाही.

६. कमी केल्यावर त्रास झाला तर तो कसला, ते ओळखा

प्रत्येक पायरी उतरल्यावर काही ना काही जाणवतं. ते तीन प्रकारचं असू शकतं आणि तिन्हींवर करायचं वेगवेगळं असतं.

पहिला प्रकार म्हणजे मूळ आजार डोकं वर काढतो. आईच्या बाबतीत त्याची खूण ठरलेली: सकाळी दोन्ही खांदे आखडतात, पाऊण-एक तास सैल होत नाहीत, वेणी घालायला हात वर जात नाही. रक्तात सूज दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी बहुधा वाढलेले निघतात. अशा वेळी डॉक्टर सहसा ज्या डोसला बरं होतं तिथे परत नेतात.

दुसरा प्रकार म्हणजे शरीर जास्त स्टिरॉइडच्या सवयीतून उतरताना कुरकुर करतं. अंग मोडून येतं, थकवा असतो, चिडचिड होते, मन उदास होतं. पण बीपी ठीक असतं आणि जेवण जातं. पायरी उतरल्यावर काही दिवसांत हे सुरू होतं आणि एक-दोन आठवड्यांत बऱ्याचदा निवळतं. निवळलं नाही तर डॉक्टर त्याच डोसवर जास्त दिवस ठेवतात.

तिसरा प्रकार कॉर्टिसॉल खरोखर कमी पडण्याचा. भूक मरते, मळमळ, उलट्या, पोटदुखी, उठून उभं राहताच चक्कर, बीपी खाली, आणि बसल्या जागी ग्लानी. यात वाट बघायची नाही. फोनवर अपॉइंटमेंट घेत बसू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा.

आम्ही रोज सकाळी कॅलेंडरच्या चौकोनात दोनच गोष्टी लिहायचो: खांदे सैल व्हायला किती मिनिटं लागली, आणि उभं राहून घेतलेलं बीपी. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी तक्त्याच्या आधी ते चौकोन वाचले.

७. ताप, उलट्या, ऑपरेशन: यांचे नियम आधीच लिहून घ्या

ताप आला की निरोगी माणसाच्या ग्रंथी जास्त कॉर्टिसॉल बनवतात. झोपलेल्या ग्रंथींना ते जमत नाही. म्हणून आजारपणात डोस तात्पुरता वाढवावा लागतो. किती, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. आईसाठी त्यांनी लिहिलं होतं: ताप १००.४ च्या वर गेला तर ताप असेपर्यंत रोज १० मिलीग्रॅम, ५ सकाळी आणि ५ संध्याकाळी, आणि ताप उतरल्यावर थेट आधीच्या डोसवर. दोन-तीन दिवसांच्या वाढीसाठी पुन्हा पायऱ्या उतरत बसायची गरज नसते.

उलट्या होत असतील तर गोळी पोटात ठरत नाही, म्हणजे ती घेतली नाही असंच समजायचं. गोळी घेऊन अर्ध्या तासात उलटली तर आणखी एक घ्यावी, तीही उलटली तर इंजेक्शनसाठी दवाखान्यात जावं, असं आम्हाला सांगितलं होतं.

ऑपरेशन असो किंवा दात काढणं, स्टिरॉइड चालू असल्याचं आधी सांगा. कॉर्टिसोन पहिल्यांदा संधिवाताच्या रुग्णाला दिलं गेलं ते १९४८ साली, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये, आणि १९५२ सालीच कॉर्टिसोन घेणारे रुग्ण ऑपरेशननंतर दगावल्याचं वैद्यकीय मासिकांत छापून येऊ लागलं. तेव्हापासून भूल देणारे डॉक्टर हा प्रश्न विचारतात. घाईत कुणी विचारलं नाही तर आपण सांगायचं.

यासाठीच ते कार्ड. आईच्या पर्समधल्या कार्डावर मी एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीत हे लिहिलं:

"मी प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी जानेवारीपासून रोज घेते. ती अचानक बंद करू नये. उलट्या, रक्तदाब कमी किंवा शुद्ध हरपली असेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलीग्रॅम शिरेतून किंवा स्नायूत लगेच द्यावं आणि सलाईन लावावं. माझे डॉक्टर आणि घरचा फोन:"

डॉक्टरांना दाखवून त्यावर त्यांची सही आणि शिक्का घ्या.

८. शेवटची गोळी तपासणीनंतरच

गावाहून आल्यावर आईला परत १० वर नेलं आणि तिथून आणखी सावकाश उतरवलं. रोज ५ वर दोन महिने राहिल्यावर डॉक्टरांनी सकाळच्या कॉर्टिसॉलची तपासणी सांगितली. ग्रंथी किती जाग्या झाल्या ते यातून कळतं.

रक्त सकाळी ८ ते ९ च्या दरम्यान द्यायचं. आदल्या दिवशीची गोळी सकाळीच घ्यायची आणि तपासणीच्या दिवशीची रक्त दिल्यानंतर, म्हणजे मधे २४ तास जातात. गोळी घेऊन गेलात तर निकाल फसवा येतो, कारण प्रेडनिसोलोन तपासणीत कॉर्टिसॉलसारखंच दिसू शकतं. गोळी सोबत डब्यात न्या आणि रक्त दिल्याबरोबर काहीतरी खाऊन तिथेच घ्या.

निकाल १० मायक्रोग्रॅमच्या वर (प्रति डेसिलीटर) आला तर ग्रंथी सावरल्या असं धरतात. ५ च्या खाली आला तर त्या अजून झोपलेल्या आहेत. मधला आला तर गोळी चालू ठेवून काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा बघतात. आईचा पहिला निकाल ६.१ होता. ती हिरमुसली, पण डॉक्टर म्हणाले, "काकू, विहिरीला पाणी लागलंय, अजून भरायची आहे." विहिरीचं तिनेच त्यांना सांगितलं होतं. मग ५ आणि अडीच एक दिवसाआड, मग रोज अडीच, आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. या वेळी ११.४ आला. खांदेही मोकळे होते, ईएसआर नॉर्मल होता, तेव्हा गोळी थांबवली.

थांबवल्यावर पुढचं वर्षभर मोठा ताप, अपघात किंवा ऑपरेशन झालं तर स्टिरॉइडची गरज पडू शकते, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून कार्डावर "घेते" खोडून "घेत होते" केलं, गोळी बंद झाल्याची तारीख घातली, आणि ते आईच्या पर्समध्ये परत ठेवलं.